व्हिडिओतल्या काळ्या पट्ट्या आणि लाल झाकणाची सिरिंज

सरकारी रुग्णालयात मिळणारे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या ताकदीचे असते. त्यासाठी लाल झाकणाची सिरिंज वापरायची असते. १०० युनिट ताकदीच्या इन्सुलिनसाठी नारिंगी झाकणाची सिरिंज असते. दोन्ही सिरिंज दिसायला जवळपास सारख्याच. अदलाबदल झाली तर काय होते, त्याचा हिशेब सोपा आहे. २० युनिट लिहून दिलेल्या रुग्णाने ४०च्या बाटलीतून नारिंगी झाकणाच्या सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर त्याच्या अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट १००च्या बाटलीतून लाल झाकणाच्या सिरिंजने तेवढेच ओढले, तर जातात ५० युनिट. पहिल्यात साखर उतरत नाही. दुसऱ्यात ती इतकी उतरते की रुग्ण बेशुद्ध होऊन आमच्याकडे येतो.

आमच्या मधुमेह ओपीडीतल्या एका सिस्टरनी ठरवले की हे सगळे दाखवणारा चार मिनिटांचा मराठी व्हिडिओ करायचा आणि रुग्णांच्या मोबाइलवर पाठवायचा. निमित्त होते एका आजींचे. त्यांच्या मुलाने गावातल्या दुकानातून नारिंगी झाकणाच्या सिरिंज आणल्या होत्या आणि महिनाभर आजी नेमाने अर्ध्याहून कमी औषध टोचून घेत होत्या. सिस्टरनी संध्याकाळी ड्युटी संपल्यावर घरीच, स्वयंपाकघराच्या ओट्यावर चित्रीकरण केले. मोबाइल चांगला, प्रकाश भरपूर. पण व्हिडिओ पाहिला तर त्यात काळसर आडव्या पट्ट्या वरून खाली सरकत होत्या आणि नेमकी सिरिंजवरची खूण वाचायच्या वेळी एक पट्टी तिच्यावरून जात होती. शिवाय लाल झाकण विटकरी-नारिंगी दिसत होते. म्हणजे ज्या दोन गोष्टी दाखवण्यासाठी हा खटाटोप, त्याच दोन्ही धड दिसत नव्हत्या.

‘‘सर, डोळ्यांना तर दिवा अगदी स्थिर दिसतो. मग मोबाइलला काय झालं?’’ हा त्यांचा प्रश्न. घरी व्हिडिओ करणाऱ्या शिक्षकांना, योगवर्ग घेणाऱ्यांना, पाककृती दाखवणाऱ्या गृहिणींनाही तो पडतो.

मोबाइलला काहीही झालेले नसते. दिवा खरोखरच लुकलुकत असतो, आपल्याला ते कळत नाही इतकेच. आपल्याकडचा वीजप्रवाह सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून पूर्ण आवर्तन करतो. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिखर गाठतो, एकदा या दिशेने आणि एकदा त्या दिशेने. म्हणून विजेवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि १०० वेळा मंदावतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार दोन शिखरांच्या मधल्या क्षणात फारशी थंड होत नाही, त्यामुळे तिच्या प्रकाशात चढउतार कमी असतो. जुना चोक असलेल्या ट्यूबलाइटमध्ये तो जास्त असतो. एलईडीला तर तारेसारखी ऊब धरून ठेवणारे काहीच नाही. जितका प्रवाह त्या क्षणी, तितकाच प्रकाश. तो प्रवाह सपाट करण्याचे काम बल्बच्या बुडाशी बसवलेले छोटे सर्किट करते आणि त्यातला मुख्य भाग असतो एक कपॅसिटर. दोन शिखरांच्या मधल्या खड्ड्यात तो साठवलेली वीज सोडतो. स्वस्त बल्बमध्ये तो अपुरा असतो किंवा नसतोच. चांगल्या बल्बमध्येही बंद काचेच्या घुमटात वर्षानुवर्षे तापून तो सुकत जातो आणि आधी स्थिर असलेला दिवा लुकलुकू लागतो.

डोळा हे का पाहत नाही? सेकंदाला साधारण ६० ते ९० वेळांच्या पुढे लुकलुक गेली, की मेंदू तिला सलग प्रकाश समजतो. कॅमेरा तसा समजूतदार नाही. मोबाइलचा कॅमेरा संपूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत तो एकेक ओळ वाचत जातो, आणि प्रत्येक ओळीला प्रकाश घ्यायला ठरावीक वेळ देतो. या वेळेला शटर म्हणतात. एखाद्या ओळीची वेळ दिव्याच्या उजळ क्षणात पडली तर ती उजळ येते, मंद क्षणात पडली तर काळपट. शेजारशेजारच्या काळपट ओळी मिळून पट्टी होते.

इथेच उपायही दडलेला आहे. शटरच्या वेळेत दिव्याची पूर्ण स्पंदने बसली, म्हणजे बरोबर एक किंवा बरोबर दोन, तर प्रत्येक ओळीला सारखाच प्रकाश मिळतो, मग ती ओळ कधीही वाचलेली असो. सेकंदाला १०० स्पंदने असतील तर एक स्पंदन म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणून आपल्याकडे शटर १/१०० किंवा १/५० ठेवायचे. १/६० ठेवले तर एका ओळीला एक पूर्ण आणि दोन-तृतीयांश स्पंदन मिळते. कुणाच्या वाट्याला त्यातला उजळ तुकडा येतो, कुणाच्या वाट्याला मंद.

सिस्टरच्या मुलाने शटर १/६०च ठेवले होते, कारण त्याने पाहिलेल्या अमेरिकन व्हिडिओत तसे सांगितले होते. त्या माणसाचे चुकले नव्हते. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची असते, दिवे सेकंदाला १२० वेळा लुकलुकतात आणि तिथे १/६० मध्ये दोन स्पंदने नेमकी बसतात. आपल्याकडे तोच सल्ला पट्ट्या आणतो. उलटही तितकेच खरे. पुण्याहून न्यू जर्सीला मुलीकडे गेलेल्या आजोबांनी इथली सेटिंग तशीच ठेवून नातवाच्या वाढदिवसाचे चित्रीकरण केले, तर तिथे पट्ट्या येतील.

आता पट्ट्या सरकतात का, तेही पाहू. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतो. एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत दिव्याची तीन पूर्ण आणि एक-तृतीयांश स्पंदने होतात. तो उरलेला एक-तृतीयांश दरवेळी पट्टीला नव्या जागी ढकलतो, म्हणून ती उड्या मारते. सेकंदाला २५ चित्रे घेतली तर मध्ये बरोबर चार स्पंदने बसतात आणि पट्टी जवळपास जागच्या जागी थांबते. ती नाहीशी मात्र होत नाही. म्हणून आधी शटर नीट करावे, चित्रांचा वेग ही नंतरची गोष्ट. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Record Video खाली Show PAL Formats चालू केले की २५चा पर्याय दिसू लागतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये प्रो व्हिडिओ नावाचा प्रकार असतो, त्यात शटर हाताने ठरवता येते. संगणकाच्या वेबकॅमच्या सेटिंगमध्येही ५० किंवा ६० निवडायची सोय बहुधा असते. व्हिडिओ कॉलवर चेहऱ्यावरून पट्ट्या फिरत असतील तर तिथे ६० निवडलेले आहे का, हे आधी पाहावे.

फोनला सगळे आपोआप ठरवू दिले तर तो एक घोळ हमखास करतो. प्रकाश फार झाला की तो शटरची वेळ कमी करतो, १/१२०, १/२५०, वाटेल ती. म्हणून ‘पट्ट्या येतात, आणखी एक दिवा लावू’ हा उपाय बहुतेक वेळा दुखणे वाढवतो. सिस्टरनी दुसऱ्या दिवशी नेमके तेच केले होते आणि पट्ट्या आधीपेक्षा गडद झाल्या होत्या. चित्र जास्त उजळ येत असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता, कमी करावी. आयएसओ तळाला पोहोचूनही चित्र पांढरेफटक येत असेल तर दिवे लांब न्यावेत. अंतर दुप्पट केले की प्रकाश साधारण चौथाई होतो. शटरला हात लावायचा नाही.

शटर बरोबर असले तरी चांगला दिवा निवडलेला बरा, कारण काही कामांत शटरचा उपाय चालतच नाही. स्लो मोशन हे त्यातले मुख्य. सेकंदाला १२० चित्रे घेताना एका चित्राच्या वाट्याला जास्तीत जास्त १/१२० सेकंद येतो. त्यात एक पूर्ण स्पंदन कधीच बसत नाही. रुग्णाच्या चालीतला दोष पाहण्यासाठी आम्ही कधीकधी असे चित्रीकरण मागवतो, आणि घरच्या ट्यूबच्या उजेडात घेतलेले असले की पाय टेकण्याचा क्षण नेमका अंधारात जातो. अशा वेळी दिवसाउजेडी अंगणात किंवा गच्चीवर चित्रीकरण करायला सांगावे. सूर्य लुकलुकत नाही.

याच अडचणीचा दिवा तपासण्यासाठी उपयोग होतो. पांढऱ्या भिंतीवर फक्त एकच दिवा पडू द्या. फोन स्लो मोशनवर ठेवून त्या भिंतीचे पाच सेकंदांचे चित्रीकरण करा. सेकंदाला २४० चित्रे घेऊन ती नेहमीच्या ३०च्या वेगाने दाखवली, तर काळ आठपट ताणला जातो. १००ची लुकलुक साडेबाराची होते आणि डोळ्यांना सहज दिसते. भिंत जोरात उघडझाप करताना दिसली तर तो बल्ब चित्रीकरणाला नको. हलकेसे थरथरली तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवून चालेल. अजिबात हलली नाही तर तो बल्ब जपून ठेवा. फोनही नको असेल तर दिव्याखाली पेन बोटांत धरून पंख्यासारखे झपझप हलवा. स्थिर प्रकाशात पेनाची एकसंध धूसर रेघ दिसते. लुकलुकणाऱ्या प्रकाशात एकाऐवजी सात-आठ सुटी पेने दिसतात. कारखान्यांत याच कारणाने फिरते लेथ मशीन थांबल्यासारखे दिसून बोटे गेल्याचे प्रकार पूर्वी होत, म्हणून यंत्राजवळ साधा पिवळा बल्ब लावायची किंवा ट्यूब विजेच्या वेगवेगळ्या फेजवर वाटून द्यायची पद्धत पडली.

डॉक्टर म्हणून इथे एक इशारा दिला पाहिजे. घरात कुणाला फिट येत असतील, विशेषतः लुकलुकत्या प्रकाशाने येणाऱ्या, तर हे तपासणीचे व्हिडिओ त्या व्यक्तीला दाखवू नयेत. १००ची लुकलुक अशा रुग्णाला सहसा फिट आणत नाही. धोका असतो तो सेकंदाला साधारण १५ ते २५ च्या आसपासच्या लुकलुकीचा, आणि स्लो मोशनने आपण १००ला ओढून त्याच वस्तीच्या जवळ आणतो. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला होता, आणि त्या संध्याकाळी सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून पट्ट्यांनी भरलेला, लुकलुकणारा व्हिडिओ शेकडो रुग्णांना पाठवण्याआधी थांबावे, हे नुसत्या सौंदर्यासाठी सांगत नाही.

न दिसणारी लुकलुक डोळ्यांना अगदीच निरुपद्रवी असते असेही नाही. ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एका कार्यालयातल्या ट्यूबलाइटवर अभ्यास प्रसिद्ध केला. सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या ट्यूबच्या जागी अतिवेगवान, म्हणजे प्रत्यक्षात स्थिर प्रकाशाच्या ट्यूब बसवल्यावर कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला. आपण पाहत नसलो तरी दृष्टिपटलाला चढउतार जाणवत असतो. अर्धशिशीचे रुग्ण हे आधीच सांगत असतात, आपण त्यांना ‘भास’ म्हणून उडवून लावतो. घरी व्हिडिओ करणारी व्यक्ती दिव्यासमोर दीड फुटावर तासन्‌तास बसते. तिने तरी दिवा तपासून घ्यावा.

बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारे रिंग लाइट घेतले की प्रश्न मिटला, असे दुकानदार सांगतो. विजेच्या १०० स्पंदनांचा प्रश्न खरोखर मिटतो. पण यातले अनेक दिवे मंद करताना प्रकाश कमी करत नाहीत, तर दिवा फार वेगाने बंद-चालू करतात आणि बंद राहण्याचा वेळ वाढवतात. त्याचा वेग दिव्यागणिक वेगळा असतो, त्यामुळे १/१०० चे गणित तिथे लागू पडेलच असे नाही. बारीक, दाट रेघा दिसल्या तर हेच कारण समजावे. असा दिवा पूर्ण तेजावर ठेवला की बंद-चालू करण्याची गरजच उरत नाही आणि रेघा जातात. उजेड जास्त वाटला तर बटण फिरवू नका, दिवा मागे सरकवा किंवा समोर बटर पेपर लावा. छतावरच्या सजावटीच्या एलईडी पट्ट्यांनाही हेच लागू आहे.

सिस्टरच्या घरी शेवटी काय केले, ते सांगतो. ओट्यावरची ट्यूब आणि छतावरचा दिवा बंद केला. वेगवेगळ्या दिव्यांचे रंग एकत्र आले की कॅमेऱ्याला पांढरा कोणता ते ठरवता येत नाही. घरातले सहा बल्ब स्लो मोशनवर तपासले. त्यांत नवे घेतलेले दोन सर्वांत वाईट निघाले आणि दिवाणखान्यातला जुना एक अगदी स्थिर. त्याच प्रकारचा आणखी एक आणला. दोन्ही ९ वॅटचे, अभ्यासाच्या टेबलावरच्या वाकणाऱ्या दिव्यांत बसवले. टेबलावर पांढरा कागद पसरला, कारण सिरिंज पारदर्शक असते, खुणा काळ्या असतात आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरच त्या वाचता येतात. फोन वरून, सरळ खाली पाहील असा बांधला. दोन दिवे दोन बाजूंना, कागदापासून सुमारे दोन फुटांवर, साधारण ४५ अंशांत तिरपे. दिवा थेट वर ठेवला की सिरिंजच्या प्लॅस्टिकवर चमक उमटते आणि ती कॅमेऱ्यात शिरून खुणा खाते. बाजूने येणारी चमक दुसऱ्या बाजूला निघून जाते. दोन्ही दिव्यांसमोर वीतभर अंतरावर बटर पेपर लावला, त्याने सावल्यांच्या कडा मऊ झाल्या.

मग फोनवर २५ चित्रे, शटर १/१००, आयएसओ दोनशे ते तीनशेच्या दरम्यान. १/५० नेही पट्ट्या गेल्या असत्या, पण सुई बाटलीत शिरताना हात हलतो आणि १/१०० मध्ये खुणा जास्त रेखीव राहतात. रंगाचा समतोल पांढऱ्या कागदावर ठरवून तिथेच पक्का केला. नाहीतर लाल झाकण चौकटीत आले की फोन आपल्या मनाने रंग बदलतो. ज्यांच्या फोनमध्ये शटर हाताने ठरवता येत नाही, त्यांनी पडद्यावर बोट दाबून प्रकाश पक्का करावा, मात्र पट्ट्या नसलेल्या क्षणी. पट्ट्या असताना पक्का केला तर पट्ट्याच पक्क्या होतात.

पट्ट्या गेल्या. लाल झाकण मात्र अजून पुरेसे लाल नव्हते. हा लुकलुकीचा दोष नव्हता. साध्या एलईडीच्या प्रकाशात गडद लाल रंगाचा अंशच कमी असतो. जो रंग दिव्यातच नाही, तो वस्तूवरून परतणार कुठून? बल्बच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो. घरगुती बल्बचा तो ८० च्या आसपास असतो आणि त्या आकड्यात गडद लालचा हिशेब मुळात धरलेलाच नसतो. ९० किंवा त्याहून जास्त आकड्याचे दोन बल्ब आणल्यावर लाल आणि नारिंगी झाकणे शेजारीशेजारी ठेवली की लांबूनही वेगळी ओळखू येऊ लागली. नवे बल्बही आधी भिंतीवर तपासूनच लावले, कारण सीआरआय चांगला म्हणजे लुकलुक नाही, असा काही संबंध नाही.

तरीही व्हिडिओत रंगावर सगळा भार टाकू नका, असे मी सिस्टरना सांगितले. लाल-नारिंगी या भागातला फरक न ओळखणारे रंगांध पुरुष काही कमी नाहीत, आणि रुग्णाच्या मोबाइलचा पडदा कोणता रंग दाखवेल ते आपल्या हातात नाही. म्हणून अंतिम व्हिडिओत बाटलीवरचा ‘४०’ आणि सिरिंजवरचा ‘४०’ हे दोन आकडे एकाच चौकटीत सहा सेकंद स्थिर धरले आहेत, आणि सिस्टर तेवढ्या वेळात ते दोनदा वाचून दाखवतात. ते बल्ब आता कपाटात वेगळे ठेवलेले असतात. दर तीन-चार महिन्यांनी, नवा व्हिडिओ करण्याआधी, त्यांचा मुलगा ते एकेक करून भिंतीसमोर लावून पाहतो.